एलसी आली, पण कशी आली?

एलसी म्हणजे लेटर ऑफ क्रेडिट, ठरलेले कागद दिले की विक्रेत्याला पैसे देण्याची परदेशी खरेदीदाराच्या बँकेची लेखी हमी. तिच्याबद्दल नव्या निर्यातदाराला मिळणारा नेहमीचा सल्ला असा: "बाहेरची पार्टी असेल तर सरळ सांगायचं, ॲट साइट, म्हणजे कागद दाखवताच पैसे देणारी, एलसी उघडा. एलसी आली की पैसे आलेच समजा, बँकेची हमी असते. अटीबिटी बँकवाले बघून घेतात. एलसीचा ड्राफ्ट, म्हणजे कच्चा मसुदा, मागत बसलात तर पार्टी दुसरीकडे जाते. काही चुकलंच तर नंतर अमेंडमेंट, म्हणजे एलसीत दुरुस्ती, करून घेता येते."

हमी असते, हे खरं. ती कशाची असते ते आधी बघू. जगभरच्या एलसी ज्या नियमांवर चालतात त्या यूसीपी 600 मध्ये (2007 पासून लागू) पाचवं कलम आहे: बँका कागदांशी व्यवहार करतात, मालाशी नाही. तुमची हळद कितीही चोख असो, कागद एलसीशी जुळले नाहीत तर हमी लागू होत नाही.

मी सांगलीत निर्यातीची कागदपत्रं करतो. माझ्याकडे आलेलं एक प्रकरण सांगतो. राजापुरी हळद, 40 टन, टनाला 1,600 डॉलर, सीएफआर चितगाव, म्हणजे बांगलादेशातल्या चितगावपर्यंतचं जहाजभाडं धरून, एकूण 64,000 डॉलर. एलसीत मालाचं वर्णन होतं "50 किलोच्या 800 गोण्या", आणि माल तुकड्यांत पाठवायला मनाई. कंटेनर भरायच्या दिवशी 12 गोण्यांना ओल लागलेली निघाली. मालकांनी त्या बाजूला काढल्या, कारण ओलीचा एक कोपरा सगळ्या कंटेनरला बुरशी लावू शकतो. गेल्या 788 गोण्या, 39.4 टन, बिल 63,040 डॉलरचं. पार्टीच्या बँकेनं कागद नाकारले: माल कमी पाठवला.

गंमत अशी की तूट फक्त दीड टक्क्याची होती. यूसीपीच्या तिसाव्या कलमात 5 टक्के कमी-जास्त चालतं, पण माल वजनात किंवा मापात सांगितलेला असेल तरच. गोण्या किंवा नग मोजून लिहिले असतील तर ही सवलत मिळत नाही. एलसीत "40 टन, 5 टक्के कमी-जास्त" एवढं असतं तर हा प्रश्नच आला नसता. तेवढ्यात तिकडे हळदीचा भाव उतरला होता. पार्टीनं निरोप दिला, टनामागे 60 डॉलर सोडा, मग आम्ही डिस्क्रिपन्सी, म्हणजे कागदांतली तफावत, स्वीकारतो. माल बंदरात, रोजचं भाडं चढतंय. मालकांनी 2,364 डॉलर सोडले, वर बँकेची डिस्क्रिपन्सी फी गेली ती वेगळी.

आता "बँकवाले बघून घेतात". कोण बघणार? एलसी आपल्याला आणून देणारी भारतातली बँक ती खरी आहे एवढं तपासते. अटी तुम्हाला झेपतील का, हे बघणं तिचं काम नाही. पार्टीची बँक पार्टीनं भरून दिलेल्या अर्जाप्रमाणे टाइप करते, आणि तो अर्ज बहुतेक वेळा तिकडच्या कारकुनानं मागच्या एलसीवरून उतरवलेला असतो. म्हणून अटी आपल्याच प्रोफॉर्मा इन्व्हॉइसवर, म्हणजे सौदा ठरताना द्यायच्या कच्च्या बिलावर, किंवा सोबतच्या पत्रात लिहून द्यायच्या, तेही बँका एकमेकींना एलसी पाठवतात त्या स्विफ्ट यंत्रणेच्या रकान्यांच्या क्रमानं, म्हणजे त्याला तसंच उतरवता येतं. मी देतो तो मजकूर साधारण असा:

```
31D: 260721 INDIA
39A: 05/05
41D: ANY BANK IN INDIA BY NEGOTIATION
42C: AT SIGHT
43P: ALLOWED
43T: ALLOWED
44C: 260630
45A: 40 MT (+/- 5 PCT) TURMERIC FINGERS
48: 21
49: CONFIRM
```

तारखा वर्ष, महिना, दिवस अशा क्रमानं आहेत. 31D म्हणजे एलसीची मुदत आणि ती संपते ते ठिकाण, 41D म्हणजे कागद कोणत्या बँकेत द्यायचे, 42C म्हणजे पैसे केव्हा, 43P म्हणजे माल तुकड्यांत पाठवणं, 43T म्हणजे वाटेत जहाज बदलणं, 44C म्हणजे माल चढवायची शेवटची तारीख, 45A म्हणजे मालाचं वर्णन, 48 म्हणजे माल चढवल्यावर किती दिवसांत कागद द्यायचे, 49 म्हणजे दुसऱ्या बँकेचीही हमी हवी का. यातलं 39A फक्त रकमेची सूट देतं. वजनाची सूट 45A मध्ये वेगळी लिहावी लागते, आणि लोक नेमकी हीच विसरतात. 31D मध्ये तारखेपुढचं INDIA फार महत्त्वाचं. तिथे ढाका असेल तर कागद मुदतीच्या आत ढाक्याला पोचवणं तुमच्या गळ्यात, कुरिअर अडकलं तरी. माल चढवायची शेवटची तारीख आणि एलसीची मुदत यांत 21 दिवस ठेवा. जहाज सुटल्यावर शिपिंग लाइनकडून बीएल, म्हणजे माल चढवल्याची तिची पावती, हातात यायलाच काही दिवस जातात, तोवर मूळ देशाचा दाखला, माल रोग-किडीपासून मुक्त असल्याचा फायटो दाखला, धुरी दिल्याचा फ्युमिगेशन दाखला यांतला एखादा कागद दुरुस्तीला गेलेला असतो. पार्टीच्या छापील अर्जात ही मुदत कधी सात दिवस असते, कधी दहा.

CONFIRM लिहायचं की नाही, हा खरा विचार करायचा मुद्दा. एलसी उघडणारी बँक चांगली असेल, पण देशातच डॉलर नसतील तर ती देणार कुठून? 2022 मध्ये श्रीलंकेची परकीय गंगाजळी संपली, त्याच सुमाराला बांगलादेशातही डॉलरची टंचाई झाली आणि एलसीचे पैसे रखडले. दुसऱ्या देशातल्या बँकेनं कन्फर्म केलेली एलसी असेल तर कागद बरोबर असताना तीच बँक पैसे देते, पार्टीच्या बँकेची वाट बघत नाही. याला खर्च येतो. भाव सांगायच्या आधी आपल्या बँकेला विचारा, अमुक देशातल्या अमुक बँकेची एलसी कन्फर्म कराल का आणि किती घ्याल. नाही म्हणाले तर तोही एक निरोपच आहे. खर्च कोण सोसणार हेही पत्रातच ठरवा, कारण मागाहून दोघंही दुसऱ्याकडे बोट दाखवतात.

ड्राफ्ट मागितल्यानं पार्टी पळते, असं मला तरी दिसलेलं नाही. खऱ्या खरेदीदारालाही अमेंडमेंटची फी नको असते. उघडायच्या आधी ड्राफ्ट पाठवा, आम्ही उद्या संध्याकाळपर्यंत उत्तर देतो, असं लिहिलं की काम होतं. आणि ड्राफ्ट आला की पहिल्यांदा 46A आणि 47A, म्हणजे लागणारे कागद आणि जादा अटी, वाचा. तिथे एखादं कलम असं असतं: "अर्जदाराच्या प्रतिनिधीनं सही केलेला तपासणी दाखला, सही आमच्या नोंदीशी जुळणारी." म्हणजे पार्टीनं सही केली नाही तर तुमचा संच पुरा होऊच शकत नाही. हमी पार्टीच्या खिशात गेली. त्याऐवजी दोघांना चालणाऱ्या स्वतंत्र तपासणी कंपनीचा दाखला सुचवा. दुसरं कलम असतं, "तीनपैकी एक मूळ बीएल थेट अर्जदाराला कुरिअर करावी." बीएल पार्टीच्या ऑर्डरवर, म्हणजे माल तिच्या सांगण्यावरून सोडायचा, असेल तर ती एक प्रत दाखवून माल सुटतो आणि बँकेत तुमचे कागद नाकारले जाऊ शकतात. बीएल पार्टीच्या बँकेच्या ऑर्डरवर हवी आणि तिन्ही मूळ प्रती बँकेमार्फत जायला हव्यात, हे पत्रात लिहा.

उलट पत्त्यातली किरकोळ चूक बघून रात्र जागवणारे लोक मी पाहिलेत. बीएलवर माल घेणारा किंवा कळवायची पार्टी म्हणून अर्जदाराचा पत्ता येतो तो सोडला, तर देश तोच असताना पत्ता अक्षरशः जुळलाच पाहिजे असं नाही, आणि अर्थ न बदलणारी टायपिंगची चूक म्हणजे डिस्क्रिपन्सी नव्हे. इन्व्हॉइसवरचं मालाचं वर्णन मात्र एलसीशी जुळवूनच लिहा.

अमेंडमेंट होते, पण त्यासाठी पार्टीनं अर्ज करावा लागतो आणि तिच्या बँकेनं, तसंच एलसी कन्फर्म झालेली असेल तर त्या बँकेनं, होकार द्यावा लागतो. भाव चढता असताना पार्टी दोन दिवसांत करून देते. भाव उतरला की तिचा फोन लागत नाही. व्हॉट्सॲपवर आलेला अर्जाचा फोटो म्हणजे अमेंडमेंट नव्हे. बँकेमार्फत स्विफ्ट आल्याशिवाय गाडी न्हावा शेवाकडे सोडू नका.