वीस ग्रॅम पोकळ, वीस ग्रॅम भरीव: मोडीत फरक का पडतो

"सोनं वजनावर विकलं जातं. वीस ग्रॅम म्हणजे वीस ग्रॅम, मग दागिना पोकळ असो की भरीव. घेताना दर तोच, मोडताना पैसेही तेवढेच. उलट पोकळ दागिना ठसठशीत दिसतो, मग भरीव घ्यायचाच कशाला?"

यातलं एक वाक्य खरं आहे, ते आधी मान्य करतो. पोकळ दागिना ठसठशीत दिसतो, आणि किती, ते बांगडीवरच पाहू. हातात नेहमी बसेल अशा मापाची, वीस ग्रॅम बावीस कॅरटची बांगडी घ्या. भरीव केली तर तार जेमतेम पावणेतीन मिलिमीटर जाड होते. तेवढ्याच सोन्याची पोकळ नळी केली तर ती सहा मिलिमीटर जाड दिसते. सहा मिलिमीटरची बांगडी भरीव करायची म्हटलं तर शंभर ग्रॅमच्या आसपास सोनं लागेल. म्हणजे डोळ्यांना दिसतात शंभर ग्रॅम, असतात वीस. नळीच्या पत्र्याची जाडी मात्र उरते साधारण एक तृतीयांश मिलिमीटर. पुढची सगळी भानगड या पत्र्यात आहे.

"घेताना दर तोच" हे सोन्याच्या दरापुरतं बरोबर, पण बिल तिथे संपत नाही. नळी ओढायची, आतल्या गाभ्यावर वळवायची, गाभा रसायनात विरघळवून काढायचा, जोड झाळायचे: हे काम भरीव तार वळवण्यापेक्षा वेळखाऊ, म्हणून घडणावळ जास्त. समजा, भरीव बांगडीला आठ टक्के आणि पोकळ बांगडीला अठरा टक्के पडली. (हे आकडे हिशेबापुरते, प्रत्यक्षातले तुमच्या बिलावर बघा.) सगळं सोन्याच्या ग्रॅममध्ये मोजू, म्हणजे दर वर-खाली झाल्याने गोंधळ नको. भरीव बांगडीला तुम्ही २१.६ ग्रॅमचे पैसे मोजले, पोकळ बांगडीला २३.६ ग्रॅमचे. घडणावळ मोडीत परत मिळत नाही.

आता "मोडताना पैसेही तेवढेच". मोड घेणारा आकाराला नाही, आटवल्यावर हाती येणाऱ्या शुद्ध सोन्याला पैसे देतो. झाळ, म्हणजे जोड सांधणारा मिश्रधातू, लावायची तर ती दागिन्याआधी वितळायला हवी, म्हणून बहुधा ती कमी कसाची असते. आपल्या पोकळ बांगडीत एक ग्रॅम झाळ असेल आणि तिचा कस पंचाहत्तर टक्के असेल, तर आटवल्यावर सगळ्या लगडीचा कस बावीस कॅरटच्या ९१.६ टक्क्यांवरून ९०.८ च्या आसपास येतो. बावीस कॅरटच्या हिशेबात वीसऐवजी १९.८ ग्रॅमच भरतात. लोक झाळीलाच सगळा दोष देतात, पण एवढ्या नुकसानीत तिचा वाटा लहान आहे, घडणावळीचा मोठा. बेरीज करा: भरीव बांगडीत २१.६ देऊन २० परत, म्हणजे साडेसात टक्क्यांच्या आत तूट. पोकळ बांगडीत २३.६ देऊन १९.८ परत, म्हणजे सोळा टक्के. आणि दोन्हींचा काटा वीसच दाखवत होता.

हे झालं न वापरलेल्या बांगडीचं. वापरात घासून एखाद्या जागी दशांश मिलिमीटर गेलं, तर भरीव तारेला ते कळतही नाही; पोकळ पत्र्याचा तिथला तिसरा हिस्सा गेलेला असतो. भरीव बांगडी वाकली तर सोनार लाकडी हातोडीने ठोकून सरळ करतो. पोकळ बांगडीला पोचा पडला की तो आतून वर उचलायला हात पोचत नाही. भोक पडलं तर पुन्हा झाळ, म्हणजे कस आणखी खाली. शिवाय पूर्ण बंद नळी तापवली तर आतली हवा फुगून ती फुटू शकते, म्हणून कारागीर बारीक छिद्र ठेवतात. त्यातून साबण आणि मळ आत जातो, आणि मोडीच्या काट्यावर तोही सोन्यासोबत बसतो. आटवताना जळून घट म्हणून निघतो.

सगळ्यात महाग पडते ती आतली लाख. पोचे पडू नयेत म्हणून काही पोकळ दागिन्यांत लाख भरतात. त्यात गैर काही नाही, फक्त बिलात एकूण वजन आणि निव्वळ सोन्याचं वजन वेगवेगळं हवं. वीस ग्रॅमच्या दागिन्यात तीन ग्रॅम लाख असेल आणि तुम्ही वीसचे पैसे दिले असतील, तर घडणावळीचा वाद किरकोळ ठरतो. क्ष-किरणाचं कस-यंत्रही इथे फसतं, कारण ते वरच्या अगदी पातळ थराचाच कस वाचतं; आत लाख आहे की हवा, ते त्याला दिसत नाही.

दागिना पोकळ आहे का, हे मात्र पाण्यात तोलून कळतं. वीस ग्रॅमची भरीव बांगडी दोऱ्याने पाण्यात बुडवून तोलली तर १८.९ च्या आसपास भरते. बंद पोकळ किंवा लाखेची असेल तर कितीतरी हलकी भरते. छिद्रातून पाणी आत शिरलं तर पोकळही भरीवासारखी वागेल, म्हणून छिद्र मेणाने बुजवून तोला.

एवढं असूनही मोठी कानातली मी पोकळच घेईन. तिथे भरीव वजनाने कानाची पाळी ओघळते.