२६८ गोण्या की २४१?

★☆☆☆☆
"आई-वडील सातगाव पठारावर यांच्या बटाट्याच्या काढणीला गेले होते. गोणीला ३५ रुपये ठरले होते. आईने दोऱ्याला गाठी मारून मोजल्या, २६८ गोण्या भरल्या. यांनी २४१ धरल्या. पावसाने काम बंद होतं त्या ३ दिवसांचंही जेवण कापलं. वर अर्धवट म्हणून भरलेल्या गोण्या परत ओतायला लावल्या. हातात ४,२७५ रुपये. लुबाडणूक आहे."

मालकाचं उत्तर:

ताई, तुमचं वाचून काल रात्री दोन्ही वह्या समोर घेऊन बसलो. मळ्यातली एक आणि शेडमधली एक. आईंच्या गाठी बरोबर आहेत. मळ्यातल्या वहीत २६८च आहेत.

मग २४१ कुठून आल्या? माल शेडमध्ये आल्यावर आम्ही गोणी ओततो, नांगराचा फाळ लागलेला, हिरवा पडलेला आणि गोटीएवढा बटाटा बाजूला काढतो, माती झाडतो आणि पुन्हा ५० किलोच्या गोण्या भरतो. यात दहात एक गोणी सहज कमी होते. बाजारात आम्हाला पैसे या दुसऱ्या मोजणीवर मिळतात, म्हणून मुनीमने मजुरीही त्यावरच काढली. हे चूक आहे. फाळ कुठे लागतो ते नांगर चालवणाऱ्याच्या हातात असतं, मागून वेचणाऱ्याच्या नाही. खराब बटाटा वेचायलाही कंबर तेवढीच वाकवावी लागते. मजुरी वेचून भरण्याची ठरली होती, म्हणजे मोजणी बांधावरचीच धरायला हवी.

जेवणाचं. माणशी दिवसाला ९० रुपये, दोन वेळचं, हे मुकादमासमोर ठरलं होतं आणि त्यावर माझी हरकत नाही. पण रान ओलं असताना नांगर घालायचा नाही हे मी ठरवतो. चिखलासकट भरलेला बटाटा गोणीत सडतो, म्हणून वापसा येईपर्यंत ३ दिवस टोळी माझ्या सांगण्यावरून बसून होती. मी थांबवायचं आणि थांबल्याचं जेवण त्यांनी भरायचं, हे बसत नाही. ती कपात मागे घेतोय.

आणखी एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, ती मला वहीत सापडली. पाचव्या दिवशी अकरालाच पाऊस आला. दोघांच्या मिळून ११ गोण्या झाल्या, म्हणजे ३८५ रुपये. माणशी दोनशेसुद्धा नाहीत, आणि त्यातून ९० जेवणाचे गेले. दोघंही दिवसभर कामाला तयार बसले होते. गोणीवर काम दिलं की गोण्या होतील तेवढेच पैसे, असं आमच्याकडे सगळे धरून चालतात. कायदा तसं म्हणत नाही. १९४८च्या किमान वेतन कायद्यातही होतं आणि आताच्या वेतन संहितेतही आहे की काम नगावर असलं तरी दिवसाची मजुरी किमान दराच्या खाली जाऊ द्यायची नाही. त्या दिवसाला मी गावातली चालू रोजंदारी लावतोय, माणशी ४००.

म्हणून हिशोब नव्याने असा: २६८ गोण्यांचे ९,३८०. पाचव्या दिवसाचा फरक ४१५. त्यातून कामाच्या ९ दिवसांचं दोघांचं जेवण १,६२० आणि वडिलांनी निघताना घेतलेली उचल २,००० वजा. येतात ६,१७५. दिलेत ४,२७५. राहिले १,९००.

गोण्या परत ओतायला लावल्या, त्यावर मात्र मी माघार घेणार नाही. शिवणीच्या चार बोटं खाली राहिलेली गोणी पूर्ण धरली, तर तोंडापर्यंत भरणाऱ्या शेजारच्या जोडीवर अन्याय होतो. फक्त ते नजरेने ठरत होतं आणि नजर मुकादमाची होती, त्यामुळे भांडणं झाली हे खरं. आता बांधावर ताणकाटा टांगलाय. शंका आली तर गोणी तिथेच वजन करायची, मजुरासमोर. जास्त भरली असेल तर तेही त्याला दिसेल.

टोळीतल्या बाकी ५ जोड्यांचा हिशोबही याच चुकांनी बिघडला असणार. मुनीम आज तेच काढतोय. पैसे मुकादमाकडे देणार नाही, ज्याचे त्याच्या हातात जातील. आईंना शनिवारी शेडवर यायला जमणार नसेल तर तसं कळवा, मी घरी आणून देतो. तो गाठींचा दोरा मात्र जपून ठेवायला सांगा, पाचव्या दिवशीच्या गाठी माझ्या वहीशी एकदा जुळवून बघायच्या आहेत.