चार दिवस काम, तीन दिवस सुट्टी - पण ब्रेकचं काय?

नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राचे नवे लेबर कोड लागू झाले आणि तेव्हापासून व्हॉट्सॲपवर एकच पोस्ट फिरतेय, आता आठवड्यात चारच दिवस काम, तीन दिवस पगारी सुट्टी. खाली टाळ्या आणि हार्ट. केंद्राच्या कामगार मंत्रालयानेच सांगितलंय की आठवड्याचे ४८ तास तेच, ते १२ तासाप्रमाणे चार दिवसात बसवता येतील, आणि त्या बारा तासात मधल्या विश्रांतीचा वेळही धरलेला असू शकतो. हे शेवटचं वाक्य कोणी फॉरवर्ड करत नाही, आणि माझा सगळा जीव त्यातच अडकलाय, कारण मी चाकणच्या एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत प्रॉडक्शन बघतो आणि शिफ्टचा तक्ता बनवणं हे माझं रोजचं काम आहे.

आधीच सांगतो, मी चार दिवसाच्या विरोधात नाहीये. आमच्याकडची निम्मी पोरं बीड, नांदेड, लातूरकडची आहेत, रूमवर चारचार जण राहतात, त्यांना सलग तीन दिवस मिळाले तर गावी जाऊन आईबापाला बघून, शेतातलं काम उरकून परत येता येतं, आणि तीन दिवस पीएमटी किंवा कंपनीच्या बसमध्ये घुसायचं नाही हे पण कमी नाही. त्यांना ते हवंय, मनापासून हवंय. माझं म्हणणं एवढंच की तास तेवढेच राहतात तेव्हा कमी काय होतं हे बघा, आणि कमी होतो तो ब्रेक.

गणित करून दाखवतो, सोपं आहे. आमच्यासारख्या तीन शिफ्टच्या प्लँटमध्ये जेवणाची अर्धा तास सुट्टी आठ तासाच्या आतच असते, बाहेर ठेवली तर तीन शिफ्ट २४ तासात बसणारच नाहीत. त्यात दोन टी ब्रेक, दहादहा मिनिटांचे. म्हणजे सहा दिवसात सहा अर्धे तास झाले तीन तास, आणि बारा चहा म्हणजे दोन तास. आठवड्याला माणूस मशीनपासून पाच तास लांब असतो आणि ४८ पैकी ४३ तास मशीनवर. आता बारा तासाचे चार दिवस करा, एकच जेवणाची सुट्टी ठेवा आणि चहा तसेच रोजचे दोन. चार अर्धे तास म्हणजे दोन तास, आठ चहा म्हणजे ऐंशी मिनिटं, एकूण तीन तास वीस मिनिटं. कागदावर ४८ चे ४८, पगार तोच, आणि मशीनवर मात्र एक तास चाळीस मिनिटं जास्त. कोणी कामाचे तास वाढवले नाहीत, कोणी पगार कापला नाही, तरी पावणेदोन तासाच्या आसपास गेले, आणि ते कुठल्याही पे स्लिपवर दिसत नाहीत.

तुम्ही म्हणाल बारा तासात एकच जेवण कसं ठेवतील, कायदा आहे की. तर इथेच खरी मेख आहे. १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टमध्ये कलम ५५ होतं, त्यात सरळ लिहिलेलं की सलग पाच तासापेक्षा जास्त काम नाही, मध्ये कमीत कमी अर्धा तास विश्रांती पाहिजे. राज्य सरकारला किंवा चीफ इन्स्पेक्टरला कारण नोंदवून ते पाचाचे सहा तास करता यायचे. आता पाचचा नियम लावला तर बारा तासाच्या शिफ्टमध्ये एक सुट्टी पुरत नाही, पाच तास काम, सुट्टी, परत पाच तास, आणि त्यापुढे उरलेल्या कामासाठी अजून एक सुट्टी द्यावीच लागते. सहाचा नियम लावला की बरोब्बर मधे एक सुट्टी टाकली की विषय संपला. म्हणून बारा तासाची शिफ्ट आणायची म्हटलं की त्याच्या बाजूला हळूच पाचाचे सहा केलेले असतात. गुजरातने एप्रिल २०२० मध्ये कोविडच्या नावाखाली नोटिफिकेशन काढलं त्यात हेच होतं, दिवसाला बारा तास आणि सहा तासानंतर अर्धा तास सुट्टी, वर ओव्हरटाइमचा डबल रेटही नाही. गुजरात मजदूर सभा सुप्रीम कोर्टात गेली आणि १ ऑक्टोबर २०२० ला कोर्टाने ते रद्द केलं. कर्नाटकने २०२३ मध्ये ॲक्टमध्येच दुरुस्ती करून बारा तास आणि सहा तासानंतरची सुट्टी आणली. आपल्याकडे ३ सप्टेंबर २०२५ ला मंत्रिमंडळाने कारखान्यातले रोजचे तास नऊवरून बारा करायला मंजुरी दिली, तिमाहीचा ओव्हरटाइम ११५ वरून १४४ तास, कामगाराची लेखी संमती घेऊन. बातम्यांची हेडलाइन सगळीकडे बारा तासाची, सुट्टीवर क्वचितच कोणी बोललं.

आणि नव्या कोडमध्ये तर पाच तासाचा आकडा कायद्यात राहिलाच नाही. दिवसाला आठ तास एवढं लिहिलंय, मधली सुट्टी किती आणि कधी, ते सरकार नोटिफिकेशनने ठरवणार. कायद्यातला आकडा बदलायला विधिमंडळात किंवा संसदेत यावं लागतं, चर्चा होते, आरडाओरडा होतो. तमिळनाडूने २०२३ च्या एप्रिलमध्ये बारा तासाचं विधेयक पास केलं आणि एवढा विरोध झाला की मे महिन्याच्या पहिल्या तारखेला मुख्यमंत्र्यांनी ते मागे घेतल्याचं जाहीर केलं. नोटिफिकेशनला असं काही होत नाही, एक दिवस गॅझेटमध्ये येतं आणि टाइम ऑफिसला मेल येतो.

हा अर्धा तास कोणी दान म्हणून दिलेला नाहीये. १८८४ मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंड्यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि मागण्यांचं निवेदन तयार केलं, त्यात रविवारची सुट्टी होती आणि त्याच्याच जोडीला दुपारी अर्धा तास विश्रांती होती. रविवारची सुट्टी १८९० ला गिरणीमालकांनी मान्य केली आणि १८९१ च्या कायद्यात दुपारी अर्धा तास काम बंद ठेवण्याची तरतूद आली. त्या लोकांनी आठवडी सुट्टी आणि मधली सुट्टी एकत्र मागितली, एकीच्या बदल्यात दुसरी सोडली नाही. आज आपण तीन सुट्ट्यांच्या बदल्यात मधली सुट्टी सोडायला निघालोय आणि आपल्याला ते कळत पण नाहीये.

आता अर्धा तास म्हणजे नक्की काय ते पण सांगतो, कारण ऑफिसात बसणाऱ्यांना वाटतं अर्धा तास पुष्कळ झाला. सीएनसी मशीनवरचा माणूस, हात कोपरापर्यंत कूलंटने माखलेले, सायकल संपल्याशिवाय मशीन सोडता येत नाही, मग वॉश बेसिनला रांग, मग शॉपमधून कँटीनपर्यंत चालत, तिथे ताटाची रांग, आणि परत येऊन सायरनच्या आधी जागेवर उभं. बसून जेवायला दहा-बारा मिनिटं मिळाली तर नशीब. त्यातून एकाकडे तीन मशीन असतील आणि तेवढा वेळ जागा सांभाळायला रिलीव्हर नसेल तर तो जातच नाही, डबा मशीनच्या मागेच उघडतो. आठ तासाच्या शिफ्टला हे कसंबसं निभतं कारण तीन-साडेतीन तासात घरी जायचंय. बारा तासाला पुढे सहा तास उभं राहायचंय. आमच्या लाईनवर एक काका आहेत, शुगर आहे, इन्सुलिन घेतात, ते मला म्हणाले, "साहेब, चार दिवस चालतील मला, पण दोनदा खायला सोडा, नाहीतर मी पडेन तिथेच." हे ऐकून मी तक्ता बाजूला ठेवला आणि परत पहिल्यापासून बघायला लागलो.

नाईटचं तर वेगळंच आहे. संध्याकाळी सात ते सकाळी सात, एकच सुट्टी, रात्री एकला. कायद्यात बसते, सहा आणि सहा. पण माणसाचं शरीर सगळ्यात ढेपाळतं ते पहाटे तीन ते पाचच्या दरम्यान, आणि त्या वेळेला सुट्टी संपून दीड ते साडेतीन तास उलटून गेलेत आणि सुटायला अजून दोन ते चार तास आहेत. टूलचं इन्सर्ट बदलून ऑफसेटचा आकडा टाकताना पॉइंट चुकतो, मायनसच्या जागी प्लस जातो, जॉब उलटा क्लँप होतो, गेजिंग करायचं राहून जातं आणि सकाळी क्वालिटीवाले अख्खी ट्रॉली लाल टॅग लावून बाजूला काढतात. ते रिजेक्शन. बोट गेलं तर काय लाल टॅग लावणार? २००३ मध्ये लॅन्सेटमध्ये एका कार कारखान्याचा अभ्यास आला होता, तिथे दर दोन तासाने ब्रेक होता, आणि ब्रेकनंतरच्या पहिल्या अर्ध्या तासाच्या तुलनेत ब्रेकच्या आधीच्या शेवटच्या अर्ध्या तासात अपघाताचा धोका साधारण दुप्पट निघाला. दोन तासात दुप्पट, लक्षात घ्या, आपण सहा तासाचं बोलतोय.

मॅनेजमेंटची अडचण मला माहितीय, मी त्याच मीटिंगमध्ये बसतो. दोन शिफ्टमध्ये २४ तास भरायचे तर मशीन बंद ठेवायला फटच उरत नाही. दुसरी सुट्टी द्यायची तर एकतर लाईन थांबणार नाहीतर रिलीव्हर वाढवावे लागणार, आणि रिलीव्हर म्हणजे पगार. पण चार दिवसाच्या पॅटर्नमध्ये कंपनीचं पण वाचतंय ना, शिफ्ट चेंज तीनच्या जागी दोन झाले, हँडओव्हरचा वेळ वाचला, बसच्या फेऱ्या कमी झाल्या. त्यातूनच रिलीव्हर ठेवा. दर सहा-सात मशीनमागे एक फिरता ऑपरेटर असला तर आळीपाळीने सगळ्यांना सोडता येतं, लाईन न थांबवता. हे आम्ही दिवाळीच्या लोडमध्ये करतोच की.

जनरल शिफ्टवाल्यांनी तर अजून सावध राहा. तुमच्याकडे लंच आठ तासाच्या बाहेर धरलेला असतो. बारा तास निव्वळ काम आणि वर दोन सुट्ट्या म्हणजे गेटच्या आत तेरा तास, वर चाकण चौकातलं ट्रॅफिक. जुन्या ॲक्टमध्ये गेटमधला एकूण वेळ साडेदहा तास होता, परवानगी घेऊन बारापर्यंत.

तर तुमच्या कंपनीत चार दिवसाचा कागद सहीला आला तर सुट्ट्या किती हे नंतर बघू म्हणून सही करू नका. मधल्या सुट्ट्यांच्या वेळा त्यात आकड्यात लिहिलेल्या आहेत का बघा, त्या बारा तासाच्या आत आहेत की बाहेर ते विचारा, आणि चहाचं वेगळं विचारा, कारण चहाचा ब्रेक त्या कलम ५५ मध्ये नव्हताच, तो युनियनच्या करारातून नाहीतर प्रथेने आलेला आहे आणि सगळ्यात आधी तोच उडतो. कामाचे तास आणि विश्रांतीच्या वेळा बदलायच्या तर मालकाला २१ दिवस आधी नोटीस द्यावी लागते, हे जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात होतं आणि नव्या कोडमध्येही आहे. त्या २१ दिवसात बोला, नंतर टाइम ऑफिससमोर भांडून काही होत नाही. मी माझ्या तक्त्यात बारा तासात दोन अर्धे तास आणि तीन चहा टाकलेत, नाईटची दुसरी सुट्टी पहाटे चारला, आणि तो तक्ता मी तसाच वर पाठवलाय.

तुमच्याकडे चालू झालं असेल तर सुट्ट्या किती आणि कधी मिळतात ते कमेंटमध्ये लिहा, कंपनीचं नाव लिहू नका, फक्त वेळा लिहा.