तीनास एक: कठडा नेमका कुठे लावायचा?

प्रतिक्रिया: «तुमचा तीनास एकचा नियम पुस्तकी आहे. माझ्या डब्याच्या धंद्यात गुणोत्तर साडेतीनच्या वर होते, म्हणून धीर करून जाहिरात दुप्पट केली आणि दोन महिन्यांत किराणावाल्याची उधारी चढली. कठडा होता, तर तो मला लागला का नाही?» (एक वाचक, त्रिमूर्तीनगर)

नमस्कार,

तुमचा राग रास्त आहे, आणि त्यात माझाही थोडा दोष आहे. मूळ लेखात मी लिहिले होते की ग्राहकाचे आयुष्यमूल्य, म्हणजे तो टिकेपर्यंत त्याच्यामागे हातात उरणारी रक्कम, त्याला आणण्याच्या खर्चाच्या किमान तिप्पट हवे, आणि हे गुणोत्तर तीनच्या खाली गेले की जाहिरातीचा खर्च वाढवणे थांबवायचे, हाच कठडा. पण ते गुणोत्तर मी एकूण सरासरीवर काढून दाखवले होते. खर्च वाढवायचा की नाही हे ठरवताना सरासरीचा उपयोग फार थोडा होतो, ही गोष्ट मी तिथे लिहायला हवी होती.

प्रतापनगरकडे डबे देणाऱ्या एका परिचितांच्या वहीतले आकडे त्यांच्या परवानगीने, सोयीसाठी गोळाबेरीज करून देतो. महिन्याचा डबा ३,००० रुपयांना आहे. धान्य, भाजीपाला, गॅस आणि डबा पोचवणाऱ्या मुलाचे पैसे वजा केले की हातात ६०० रुपये उरतात. दर महिन्याला आठांपैकी एक ग्राहक सुटत असे, म्हणजे ग्राहक सरासरी आठ महिने टिकत असे. त्यामुळे त्याचे आयुष्यमूल्य ४,८०० रुपये झाले. (ते ३,००० च्या विक्रीवर मोजून २४,००० म्हणणारेही मला भेटले आहेत, तुम्ही ती चूक केलेली दिसत नाही.)

जूनमध्ये त्यांनी पत्रके, इन्स्टाग्रामवरची जाहिरात आणि पहिल्या आठवड्याची सूट यांवर मिळून ४०,००० रुपये घातले आणि ४० ग्राहक आले. दर ग्राहकामागे १,००० रुपये पडले आणि गुणोत्तर ४.८ निघाले. जुलैमध्ये त्यांनी खर्च ८०,००० वर नेला, तेव्हा ६० ग्राहक आले. सरासरी खर्च १,३३३ आणि गुणोत्तर ३.६, म्हणजे तुमच्यासारखेच तीनच्या वर, आणि म्हणून त्यांनाही सगळे ठीक वाटले.

पण वाढीव ४०,००० रुपयांनी फक्त २० ग्राहक आणले होते, म्हणजे त्या प्रत्येकाची किंमत २,००० रुपये पडली. तेवढ्यानेच त्यांचे गुणोत्तर २.४ वर येते, आणि कठडा लागायला हवा होता तो इथे. जवळच्या वसतिगृहांतले, ज्यांना डबा हवाच होता असे लोक जूनमध्येच येऊन गेले होते. पुढचा पैसा त्यांच्यापलीकडच्या, कमी गरज असलेल्या माणसांना ओढून आणण्यात गेला, आणि अशी माणसे टिकतही कमी.

वहीत जुलैच्या वाढीव गटाची वेगळी पाने काढली, तेव्हा त्यांची गळती दरमहा चारांपैकी एक निघाली. म्हणजे आयुष्य चार महिने, मूल्य २,४०० आणि गुणोत्तर अवघे १.२. एकास एकच्या वर आहे म्हणून कोणी समाधान मानेल, परंतु उधारी चढते ती याच जागी. पैसा जुलैमध्ये एकदम गेला आणि परत मात्र महिन्याला ६०० च्या हिशेबाने, तोही गळत गळत यायचा होता. गळती धरून मांडले तर २,००० रुपयांची वसुली सातव्या महिन्यात पूर्ण होते. खोलीचे भाडे आणि स्वयंपाकी बायकांचा पगार तोवर थांबत नाही, आणि किराणावालाही थांबत नाही.

तीन हा आकडा पुस्तकी आहे, हे तुमचे म्हणणे मला अर्धे मान्य आहे. तो सॉफ्टवेअरच्या सदस्यत्वाच्या धंद्यांतून आला. त्यातला एक भाग ग्राहक आणण्यात जातो आणि उरलेल्या दोन भागांतून भाडे, पगार, नफा आणि अंदाजातली चूक भागवायची असते. तुमचे भाडे कमी असेल तर अडीचही चालेल, पण तुमचा अंदाज कच्चा असेल तर तीनही पुरणार नाहीत. आपल्याकडे अंदाज कच्चा राहण्याचे एक ठरलेले कारण आहे: जुलै ते ऑक्टोबरच्या गळतीवरून आयुष्य काढले की ते फुगते, कारण परीक्षा संपल्या आणि नागपूरचे ऊन तापू लागले की विद्यार्थी गावी जातात आणि डबे एकदम निम्म्यावर येतात. म्हणून विद्यार्थी ग्राहकाचे आयुष्य येत्या एप्रिलच्या पुढे मोजू नये, सूत्र काहीही सांगो.

त्या परिचितांना मी आता एवढेच करायला लावले आहे की खर्च एकदम दुप्पट न करता दर खेपेला १०,००० ने वाढवायचा, त्या टप्प्यात आलेल्या ग्राहकांच्या नावापुढे खूण करायची आणि दोन महिने त्यांची गळती पाहूनच पुढचा टप्पा टाकायचा. वाढीव टप्प्याचे गुणोत्तर तीनच्या खाली गेले, किंवा वसुली चार महिन्यांपलीकडे गेली, की मागच्या आकड्यावर परतायचे. यात वाढ सावकाश होते, हे खरे.

जाहिरात दुप्पट केल्यानंतर आलेल्या ग्राहकांची तुमच्याकडे वेगळी नोंद असेल, तर त्यांतले तिसऱ्या महिन्यात किती उरले ते कळवा. त्यावरून तुमचा कठडा कुठे बसायला हवा होता, हे सांगता येईल.