इजिप्तच्या परलोकातले ‘दोन प्रश्न’

“प्राचीन इजिप्तमध्ये मेलेल्याला स्वर्गाच्या दारात दोनच प्रश्न विचारायचे: तू आनंदी होतास का? दुसऱ्यांना आनंद दिलास का? खरं का?”

नाही. परलोकासाठीच्या मंत्रांचा इजिप्ती संग्रह म्हणजे ‘मृतांचं पुस्तक’. त्याच्या १२५व्या अध्यायात बोलतो तो मृतच. परलोकाचा राजा ओसायरिस या देवासमोर आणि मग ४२ देवतांपुढे तो एकेक पाप नाकारत जातो: चोरी केली नाही, तराजूत खोट केली नाही, लेकरांच्या तोंडचं दूध हिरावलं नाही. मग एका पारड्यात त्याचं हृदय, दुसऱ्यात सत्य-न्यायाची देवी मात हिचं पीस. हृदय खोटं ठरलं, तर मगरतोंडी राक्षसी अम्मित ते गिळणार.

पळवाटही होतीच म्हणा! ममीच्या छातीवर दगडी भुंगा ठेवत. त्यावर कोरलेली विनवणी: हृदया, माझ्याविरुद्ध साक्ष देऊ नकोस.