मार्चचा एमबीपी-१ आणि रद्द झालेलं कलम २९९

"सर्व संचालक बंधूंनो, एमबीपी-१ दरवर्षी ३१ मार्चच्या आत द्या. मार्चात दिला की पुढचं अख्खं वर्ष चालतो, मधे काही बदललं तरी परत द्यावा लागत नाही. त्यात एखाद्या फर्मचं नाव आलं की तिच्याशी होणारे सगळे व्यवहार जाहीर झाले असं धरतात. घरच्या प्रायव्हेट कंपनीला तर हे लागूच नाही. आरओसीला भरायचा नसतो, त्यामुळे फॉर्म आपल्या घरी ठेवला तरी चालेल."

वर्ष संपत आलं की हा मजकूर इंदूरच्या कारखानदार मंडळींच्या फोनवर फिरू लागतो, आणि कंपनी सेक्रेटरी म्हणून मला चार जण तरी तो पुढे पाठवतात. एमबीपी-१ म्हणजे आपला कोणत्या कंपन्यांत आणि फर्ममध्ये हितसंबंध आहे, हे संचालकानं आपल्या कंपनीला कळवायचा फॉर्म. या मजकुरातला बराच भाग कोणी मनानं रचलेला नाही. एके काळी कायदाच तसा होता. १९५६ च्या कंपनी कायद्यात कलम २९९ होतं. संचालकानं 'मी अमुक फर्मचा भागीदार आहे, तिच्याशी होणाऱ्या करारात माझा हितसंबंध समजावा' अशी सर्वसाधारण सूचना दिली की पुढच्या करारांसाठी तेवढं पुरे. ती सूचना आर्थिक वर्षासोबत संपायची आणि वर्षाच्या शेवटच्या महिन्यात, म्हणजे मार्चमध्ये, नव्यानं द्यावी लागायची. जुन्या लोकांना आठवत असेल, तो फॉर्म २४एए. १ एप्रिल २०१४ पासून त्याची जागा २०१३ च्या कायद्याच्या कलम १८४ नं घेतली. सवय मात्र मार्चचीच राहिली.

तारखेचं बघू. कलम १८४(१) मध्ये ३१ मार्च कुठेच नाही. तिथे सभा मोजल्या आहेत. संचालक म्हणून ज्या सभेत पहिल्यांदा भाग घ्याल ती, नंतर प्रत्येक आर्थिक वर्षातली संचालक मंडळाची पहिली सभा, आणि आधी सांगितलेल्यात बदल झाला तर त्यानंतरची पहिली सभा. 'ज्यात तो भाग घेतो' हे शब्द फक्त पहिल्या प्रसंगाला आहेत. त्यामुळे वर्षाच्या पहिल्या सभेला तुम्ही पुण्याला लग्नात असलात तरी सूचना त्या सभेपुढे यायला हवी. लहान कंपनी वर्षात दोनच सभा घेत असेल, तर तिची आर्थिक वर्षातली पहिली सभा जूनमध्येही येऊ शकते, ऑगस्टमध्येही. तेव्हा द्या, बिघडत नाही.

मार्चमध्ये सही केलेला कागद आपोआप बाद होतो असंही नाही. तो १ एप्रिलनंतरच्या पहिल्या सभेपुढे ठेवला आणि तोवर त्यातला मजकूर खरा असला, तर मला त्यात खोट दिसत नाही. अडचण तेव्हा होते, जेव्हा तो मार्चच्याच सभेत वाचून इतिवृत्तात घेतला जातो. मग तो मावळत्या वर्षाचा झाला, नव्या वर्षाची पाटी कोरीच.

आता खरा धोका, म्हणजे फर्मचं नाव आणि व्यवहार. धरून चालू की सांवेर रोडवर पुठ्ठ्याचे खोके बनवणारी एक प्रायव्हेट कंपनी आहे. संचालक दोघे भाऊ आणि थोरल्या वहिनी. २७ मार्चच्या सभेत तिघांचे एमबीपी-१ नोंदवले. पुढची सभा २४ जूनला. हितसंबंधांचा विषयच नाही, कारण 'मार्चात झालंय'. १८ ऑगस्टला दादा एका ट्रान्सपोर्ट फर्ममध्ये भागीदार झाले. १२ सप्टेंबरच्या सभेत त्याच फर्मला वर्षभराच्या मालवाहतुकीचं काम दिलं. दादा हजर, ठरावावर बोलले, हितसंबंधाचा शब्द नाही. घरात सगळ्यांना माहीतच होतं.

इथे एकाच कंपनीत तीन चुका झाल्या. जूनची सभा नव्या वर्षातली पहिली, तिथे तिघांच्याही सूचना राहिल्या. ऑगस्टचा बदल १२ सप्टेंबरला नव्या एमबीपी-१ नं यायला हवा होता. आणि तिसरी सर्वांत जड: कलम १८४(२) म्हणतं की ज्या सभेत त्या कराराची चर्चा होते, त्याच सभेत आपल्या हितसंबंधाचं स्वरूप सांगा. ही वेगळी जबाबदारी आहे. जुन्या कलमातली 'एकदा सांगितलं की पुरे' ही सोय नव्या कलमात ठेवलेलीच नाही. म्हणून दादांनी नवा फॉर्म दिला असता तरी त्या विषयाच्या वेळी 'मी या फर्ममध्ये भागीदार आहे' हे सांगून इतिवृत्तात लिहून घ्यावं लागलंच असतं. संबंधित पक्षांशी होणाऱ्या व्यवहारांच्या कलम १८८ प्रमाणे मंडळाची संमती लागते का, हा प्रश्न त्यानंतरचा.

न सांगितल्यानं करार आपोआप रद्दबातल होत नाही, पण कंपनीच्या मर्जीवर तो रद्द करण्याजोगा होतो. भाऊ एकत्र आहेत तोवर ही मर्जी कोणी वापरत नाही. वाटण्यांची भाषा सुरू झाली की धाकट्याचा वकील पहिल्यांदा हेच इतिवृत्त मागतो. वर कलम १६७ आहे: करारातला हितसंबंध लपवला तर संचालकपद रिकामं होतं. कलम १८४ मोडल्याचा दंड एक लाख रुपये, तोही कंपनीवर नाही, त्या संचालकावर; लहान कंपनीत निम्मा.

घरच्या कंपनीला मिळालेली सवलत आहे, पण तेवढीच. जून २०१५ च्या अधिसूचनेनं प्रायव्हेट कंपनीतल्या संचालकाला हितसंबंध असूनही सभेत बसून भाग घ्यायला मुभा दिली, आणि तीही हितसंबंध सांगितल्यानंतर. २०१७ पासून कंपनीचे ताळेबंद आणि वार्षिक विवरण वेळेवर भरलेले असणं ही अटही जोडली गेली. वार्षिक सूचनेतून सुटका कोणाचीच नाही.

इथेच दोन टक्क्यांचा घोळ होतो. दुसऱ्या कंपनीत दोन टक्क्यांहून जास्त शेअर असणं हा निकष कराराच्या वेळचा, पोटकलम दोनचा आहे. एमबीपी-१ मध्ये शेअर लिहायला अशी खालची मर्यादा नाही. आणि ज्यांचं काहीच नाही तेही कोरा म्हणून फॉर्म देतात. हा रिवाज आहे आणि चांगला आहे, कारण ऑडिटरपुढे 'विचारलंच नव्हतं' असं म्हणायची वेळ येत नाही.

फॉर्म आरओसीकडे, म्हणजे ग्वाल्हेरच्या कंपनी रजिस्ट्रारकडे जात नाही, एवढं त्या मजकुरात बरोबर आहे. पण त्याची जागा कंपनीचं नोंदणीकृत कार्यालय; ताबा कंपनी सेक्रेटरीकडे किंवा मंडळानं नेमलेल्या माणसाकडे; आणि तो ज्या आर्थिक वर्षाचा आहे ते संपल्यापासून आठ वर्षं जपायचा. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या, म्हणजे एमसीएच्या पोर्टलवर तुमच्या कंपन्या आणि एलएलपी दिसतात, साधी भागीदारी फर्म दिसत नाही. दादांची ट्रान्सपोर्ट फर्म कागदावर आणणारा हा एकच फॉर्म होता.

आपलं काय झालंय हे बघायला पाच मिनिटं पुरतात. इतिवृत्ताची वही काढा, १ एप्रिलनंतरची पहिली सभा उघडा आणि सूचना नोंदवल्याचा विषय आहे का बघा. नसेल तर मागची तारीख घालून फॉर्म बनवू नका. ते इतिवृत्त ऑडिटरनं पाहिलेलं असतं आणि तारखांचा मेळ बसत नाही. आजच्या तारखेचा फॉर्म पुढच्या सभेपुढे ठेवा, आणि तो उशिरा आला हे त्याच विषयाखाली लिहून घ्या.