एका महिन्यात 192 युनिट? काकींच्या पाणीबिलाची गोष्ट

आज डोकं फिरलंय, म्हणून लिहिते.

शेजारच्या काकी सकाळी पाण्याचं बिल घेऊन आल्या. "ह्यां बिल आमचांच मां गो?" नाव त्यांचंच, रक्कम 4,428 रुपये. दर महिन्याला 120 रुपये भरणारं घर हे. काका, काकी, सून आणि नात, चौघंच राहतात. पालिकेत गेलो तर खिडकीतल्या माणसाने मान वर न करता सांगितलं, "मीटरने दाखवलंय. भरा, नाहीतर कनेक्शन तोडू." सत्तरीच्या बाईशी असं बोलतात?

बाहेर पायरीवर बसून बिल नीट वाचलं. आपण सगळे खालची रक्कम बघतो आणि घाबरतो. बघायचे असतात मागील रीडिंग, चालू रीडिंग आणि शेरा हे तीन रकाने. काकींचं मागील रीडिंग 412, चालू 604, फरक 192 युनिट. एक युनिट म्हणजे हजार लिटर. एका महिन्यात 192 युनिट म्हणजे रोज 6,400 लिटर! आमच्याकडे अर्ध्या इंचाच्या नळाला दिवसातून तासभर पाणी येतं. एवढं पाणी त्या पाइपातून तासाभरात येणंच शक्य नाही.

मग काकींच्या पिशवीतली जुनी बिलं काढली. आधीच्या अकराही बिलांवर शेरा 'सरासरी', प्रत्येकी 10 युनिट, आणि मागील रीडिंग सगळ्यांवर तेच 412. म्हणजे अकरा महिने मीटर कोणी वाचलाच नव्हता! या महिन्यात वाचला आणि वर्षाचं पाणी एका महिन्याच्या माथी मारलं.

खरा घोळ दराचा आहे. काकींच्या बिलावर महिन्याच्या पहिल्या 15 युनिटला 12 रुपये, त्यापुढे 24 रुपये असा टप्पा आहे (तुमच्या पालिकेचे दर वेगळे असतील). 192 युनिट एकाच महिन्यात धरले की 15 युनिट स्वस्त आणि उरलेले 177 दुप्पट दराने. तेच बारा महिन्यांत वाटले तर महिन्याला 16 युनिट. चार माणसांना तेवढं लागतंच, शहरात माणशी दिवसाला 135 लिटर धरतात. 16 युनिटचे होतात 204 रुपये, वर्षाचे 2,448. त्यातून अकरा महिन्यांत भरलेले 1,320 वजा केले की देणं उरतं 1,128. कुठे 4,428 आणि कुठे 1,128! भरलेली सरासरीसुद्धा वजा केली नव्हती.

मीटर रीडरकडे अख्खा गाव असतो, अर्धी घरं मुंबईकरांची, बंद. मान्य. पण काकींचं घर दिवसभर उघडं असतं हो!

दुपारी मीटरची पेटीही उघडली. आत मुंग्यांचं वारूळ, काच आतून धुरकटलेली. काळे आकडे युनिटचे, लाल त्याखालचे. लाल आकडा काळ्यात धरला तर बिल कुठच्या कुठे जाईल, म्हणून रीडिंग स्वतः वाचून फोटो काढला. पाणी आलं तेव्हा सगळे नळ आणि टाकीचा व्हॉल्व्ह बंद करून मीटरमधली बारीक चांदणी बघितली. फिरली नाही, म्हणजे गळती नाही. ही चाचणी पाणी चालू असतानाच करायची, आणि आल्याआल्या नाही, कारण सुरुवातीला पाइपातली हवाही मीटर फिरवते. चांदणी फिरत राहिली तर पाइप कुठेतरी फुटलाय. आपल्याकडे जांभ्यात पाणी मुरून जातं, अंगणात ओलही दिसत नाही. तशी गळती घरातली असेल तर बिल आपल्यालाच भरावं लागतं, नाइलाज आहे.

तोंडी भांडू नका, मी भांडले, काही उपयोग झाला नाही. लेखी अर्ज दोन प्रतींत द्या, आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. काकींच्या अर्जात मागितलंय: वापर बारा महिन्यांत विभागून प्रत्येक महिन्याचा दर लावा, भरलेली सरासरी वजा करा, खातेउतारा द्या आणि मीटर तपासा. सोबत जुन्या बिलांच्या प्रती आणि फोटो. बिल अडवून मात्र ठेवू नका, विलंब आकार चढतो. मान्य असलेले 1,128 भरायची तयारी अर्जातच लिहा. पूर्णच भरायला लावलं तर 'हरकत राखून भरणा' असं लेखी देऊन भरा. आणि महिने कसे मोजले ते सांगतच नसतील तर माहितीच्या अधिकारात 10 रुपयांचा अर्ज टाका, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

शिक्का मारताना तोच माणूस जरा नरमला, "साहेबांना दाखवतो, काकी," म्हणाला. सकाळी असं बोलला असता तर काकींचा जेवणाचा घास तरी गोड लागला असता. सुधारित बिल अजून यायचंय.

अर्जाचा मसुदा माझ्याकडे तयार आहे. आपल्या गाववाल्यांपैकी कोणाच्या बिलावर 'सरासरी' असेल तर खाली लिहा, पाठवते.